माणूस आणि चिंपांझी यांच्या फारकतीचा काळ: रेणवीय घड्याळाचा आकडा कसा निघतो आणि कुठे डळमळतो

प्रश्न: माणूस आणि चिंपांझी कधी वेगळे झाले हे शोधू लागलो की एके ठिकाणी ५० लाख वर्षे लिहिलेले असते, दुसरीकडे ६५ लाख, तिसरीकडे कोटीच्या जवळपास. दोघांचे संपूर्ण जीनोम हातात असताना आकडा एकच का येत नाही? डीएनएमधल्या फरकावरून वर्षे नेमकी काढतात कशी, आणि आकड्यापुढे ± म्हणून जे लिहितात त्यावर किती विसंबायचे?

उत्तर:

सुरुवात एका साध्या समीकरणापासून करू, कारण सगळी अडचण त्यातच दडलेली आहे. दोन प्रजातींच्या डीएनएचे एकच ठिकाण समोरासमोर ठेवले आणि दर शंभर जागांमागे किती अक्षरे वेगळी आहेत ते मोजले, की त्यांच्यातले अंतर मिळते. ते अंतर असे लिहितात:

```
d = 2 r T
```

येथे r म्हणजे दर जागेला दर वर्षी साठणाऱ्या बदलांचा वेग आणि T म्हणजे समाईक पूर्वजापासून लोटलेली वर्षे. दोन हा आकडा येतो, कारण त्या पूर्वजापासून निघालेल्या दोन्ही शाखांवर बदल स्वतंत्रपणे साठत गेलेले असतात. साठत जाणाऱ्या बदलांवरून काळ मोजण्याच्या या रीतीलाच रेणवीय घड्याळ म्हणतात. जीनोम आपल्याला फक्त डावी बाजू देतो. उजवीकडे वेग आणि काळ यांचा गुणाकार आहे आणि नुसत्या डीएनएच्या अक्षरक्रमांवरून तो फोडता येत नाही: दुप्पट वेगाने निम्मी वर्षे गेली काय किंवा निम्म्या वेगाने दुप्पट वर्षे गेली काय, समोर दिसणारी अक्षरे अगदी तीच असतात. म्हणून r बाहेरून आणावा लागतो. तो जीवाश्मांवरून आणता येतो किंवा आजच्या कुटुंबांतली नवी उत्परिवर्तने मोजून आणता येतो, आणि तुम्ही वाचलेल्या आकड्यांतली बहुतेक तफावत या आणण्यातून आलेली आहे.

आधी डावी बाजू किती पक्की आहे ते पाहू. फेंग-ची चेन आणि वेन-सिउंग ली यांनी २००१ मध्ये माणूस, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या डीएनएतील ५३ तुकड्यांची तुलना केली. हे तुकडे जनुकांच्या मधल्या मोकळ्या भागातले होते, म्हणजे निसर्गनिवडीचा दाब फारसा नसलेले. एकूण जागा २४,२३४. माणूस आणि चिंपांझी यांच्यातला फरक १.२४ टक्के निघाला आणि त्याची प्रमाणत्रुटी ०.०७ टक्के दिलेली होती. ही त्रुटी आपल्याला कागद-पेन्सिल घेऊन तपासता येते. २४,२३४ जागांचे १.२४ टक्के म्हणजे सुमारे ३०० बदल. बदल यादृच्छिकपणे घडत असतील तर अशा मोजणीतला चढउतार साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे इथे १७ च्या आसपास. १७ भागिले २४,२३४ म्हणजे ०.०७ टक्के. शोधनिबंधातला ± आकडा आला तो इथून.

आता २००५ साली चिंपांझीचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हाची मोजणी घ्या. एका अक्षराचे फरक सुमारे साडेतीन कोटी, प्रमाण १.२३ टक्के. साडेतीन कोटींचे वर्गमूळ सहा हजारांच्या आतबाहेर आहे, म्हणजे सापेक्ष त्रुटी दहा हजारांत दोनहून कमी. अंतर जवळपास बदलले नाही आणि त्यातली अनिश्चितता जवळपास नाहीशी झाली. तरीही २००५ नंतर फारकतीच्या काळाबद्दलचे मतभेद मिटले नाहीत, उलट वाढले. ज्या कारणाने वर्षांचा आकडा डळमळतो ते कारण जागा मोजण्याच्या त्रुटीत नव्हतेच. म्हणून एखाद्या लेखात T च्या पुढे फक्त या प्रकारची त्रुटी दिलेली दिसली, तर तो ± निरर्थक लहान आहे असे समजा.

मोजणीबद्दल आणखी एकच गोष्ट, थोडक्यात. एकाच जागेवर दोनदा बदल झाला तर आपल्याला एकच दिसतो, आणि बदल उलटून मूळ अक्षर परत आले तर एकही दिसत नाही. त्यामुळे दिसणारा फरक खऱ्या अंतरापेक्षा कमी असतो. सर्वांत साध्या प्रतिमानात दुरुस्ती अशी करतात:

```
d = -(3/4) ln(1 - 4p/3)
```

p म्हणजे दिसणारे प्रमाण. १.२४ टक्क्यांना या दुरुस्तीने केवळ शतांश टक्क्याचा फरक पडतो, म्हणून इथे ती विसरलात तरी चालेल. पण दिसणारा फरक ३० टक्के असेल तर खरे अंतर ३८ टक्के निघते, आणि ६० टक्के असेल तर १२० टक्के. तिथे p मधली लहानशी चूकही फुगून येते. मायटोकॉन्ड्रियातल्या वेगाने बदलणाऱ्या जागांवर हा धोका खरा आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे: वाढत्या अंतराच्या जोड्या घेऊन दिसणाऱ्या फरकाचा आलेख काढा, आणि तो वर चढायचे सोडून आडवा होऊ लागला की त्या जागा तेवढ्या जुन्या काळासाठी निकामी झाल्या असे धरा.

आता वेगाकडे येतो. जीवाश्मावरून वेग ठरवण्याला आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो: ज्या फारकतीचा काळ बाहेरच्या पुराव्यावरून माहीत आहे असे आपण धरतो, तिथले अंतर भागिले काळ असे करून वेग काढायचा आणि तो हव्या त्या फाट्याला लावायचा. या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा आपल्या शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांवर झाली, म्हणून तो प्रसंग जरा सविस्तर सांगतो. १९३२ मध्ये हिमाचलमधल्या हरितल्यांगर येथे जी. एडवर्ड लुईस यांना वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला आणि त्याला 'रामापिथेकस' असे नाव पडले. १९६० च्या दशकात त्याचे दात आणि जबड्याची ठेवण पाहून तो थेट मानवी शाखेवरचा मानला जाऊ लागला. तसे असेल तर माणसाची शाखा वानरांपासून दीड कोटी वर्षांच्या आसपास तरी वेगळी झालेली असली पाहिजे. १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनातला फरक प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजला. वानर आणि जुन्या जगातली माकडे यांची फारकत ३ कोटी वर्षांपूर्वीची धरून त्यांनी माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्यासाठी ५० लाख वर्षे हा काळ काढला. जीवाश्मतज्ज्ञांना तो बराच काळ मान्य नव्हता. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर 'शिवापिथेकस'चा बऱ्याच अंशी शाबूत चेहरा सापडला आणि १९८२ मध्ये डेव्हिड पिलबीम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्यांच्या खोबणींची ठेवण, नाकाखालच्या हाडाचा उतार, सगळे ओरांगउटानच्या चेहऱ्यासारखे होते. रामापिथेकस शिवापिथेकसमध्येच विलीन झाला आणि मानवी शाखेवरून कायमचा उतरला.

ज्या जीवाश्माने आधी घड्याळाला खोटे ठरवले होते, तोच पुढे घड्याळ लावण्याच्या कामी आला. सर्वांत जुना शिवापिथेकस सुमारे १ कोटी २५ लाख वर्षांचा आहे, म्हणजे ओरांगउटानची शाखा आपल्या शाखेपासून तोवर वेगळी झालेली होती. माणूस आणि ओरांगउटान यांच्यातले अंतर सुमारे ३.१ टक्के, चिंपांझीशी १.२४ टक्के, म्हणजे गुणोत्तर ०.४. ओरांगउटानची फारकत १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीची धरली तर चिंपांझीसाठी त्याच्या ०.४ पट, म्हणजे ५६ लाख वर्षे. १ कोटी २० लाख धरली तर ४८ लाख, २ कोटी धरली तर ८० लाख. तुम्हाला दिसलेल्या आकड्यांपैकी बरेचसे असेच, ०.४ ला वेगवेगळ्या संख्यांनी गुणून आलेले आहेत.

मग ओरांगउटानसाठी कुठली संख्या धरायची? इथे सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे जीवाश्माचे वय हेच फारकतीचे वय मानणे. शाखा वेगळी होते तेव्हा दोन्हीकडचे प्राणी एकमेकांसारखेच असतात. ओळखू येईल अशी लक्षणे यायला वेळ लागतो, त्यानंतर तो प्राणी अश्मीभूत व्हायला हवा आणि शेवटी कुणाला तरी सापडायला हवा. म्हणून जीवाश्म फक्त खालची मर्यादा देतो: फारकत १ कोटी २५ लाख वर्षांपेक्षा अलीकडची नाही. वरची मर्यादा जीवाश्माच्या असण्यावरून नव्हे, तर नसण्यावरून घ्यावी लागते. जुन्या थरांत वानर भरपूर सापडतात, पण ओरांगउटानच्या शाखेवरचा एकही नाही, यावरून आपण म्हणतो की फारकत अमुक काळापेक्षा जुनी असण्याचा संभव कमी. हा पुरावा दुबळा असतो. त्यामुळे खालची मर्यादा घट्ट आणि वरची सैल ठेवतात. बेझीय पद्धतीत आधीची गृहीतके आणि क्रमांमधली माहिती एकत्र करून काळाची संभाव्यता काढतात. त्या पद्धतीच्या MCMCTree या प्रणालीत हे असे लिहिले जाते:

```
4 1
(((human, chimp), gorilla), orangutan)'B(0.125, 0.25, 0.001, 0.05)';
```

काळाचे एकक १० कोटी वर्षे धरले आहे, म्हणजे खालची मर्यादा १ कोटी २५ लाख आणि वरची २ कोटी ५० लाख. शेवटचे दोन आकडे म्हणजे मर्यादेबाहेर जाण्याची मुभा: खाली हजारांत एक, वर शंभरांत पाच. हे चार आकडे संशोधक स्वतःच्या निर्णयाने लिहितो, आणि निकालावर त्यांचा प्रभाव कोट्यवधी अक्षरांच्या क्रमापेक्षा जास्त असू शकतो.

तो प्रभाव किती आहे हे तपासण्याचे दोन मार्ग मी नेहमी वापरतो. पहिला म्हणजे control फाइलमध्ये `usedata = 0` ठेवून तेच विश्लेषण क्रमांशिवाय चालवणे. असे केल्यावर मिळणारे काळ हे केवळ आपल्या गृहीतकांचे फळ असते. विद्यार्थी माझ्याकडे निकाल घेऊन येतात तेव्हा मी आधी ही धाव मागतो. एकदा एका विद्यार्थिनीच्या वृक्षात चार कॅलिब्रेशन होती, आणि त्यातल्या एका फाट्यासाठी तिने लिहिलेली मर्यादा व क्रमांशिवायच्या धावेत प्रत्यक्ष मिळालेली वाटणी यांचा मेळ बसत नव्हता. कारण साधे होते: मुलगी आईपेक्षा मोठी असू शकत नाही तसा आतला फाटा बाहेरच्या फाट्यापेक्षा जुना असू शकत नाही, आणि शेजारच्या दोन मर्यादा एकमेकींवर चढल्या की प्रणाली दोन्ही आपसूक सरकवते. तिला वाटत होते की आपण एक गृहीतक दिले आहे, पण विश्लेषण दुसऱ्याच गृहीतकावर चालले होते. तिने मर्यादा नव्याने लिहिल्या आणि निकालातला तो फाटा बराच हलला. क्रम मात्र तेच होते.

दुसरा मार्ग झिहेंग यांग आणि ब्रूस रानाला यांनी २००६ मध्ये दाखवला. प्रत्येक फाट्याचा सरासरी काळ आडव्या अक्षावर आणि त्याच्या ९५ टक्के पल्ल्याची रुंदी उभ्या अक्षावर मांडायची. क्रमांची लांबी वाढत गेली की हे ठिपके हळूहळू एका सरळ रेषेवर येतात. रेषेचा चढ ०.३ असेल, तर त्याचा अर्थ असा की १ कोटी वर्षांच्या अंदाजामागे ३० लाख वर्षांची अनिश्चितता आहे आणि अनंत लांबीचा डीएनए वाचला तरी ती हटणार नाही. ठिपके रेषेवर बसले असतील तर आणखी जीनोम वाचण्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. चांगला जीवाश्म शोधायला हवा. ठिपके विखुरलेले असतील तर क्रमाची लांबी अजून कामाची आहे.

इथवर मी एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली होती, आणि माझ्या मते वाचकांची सर्वांत जास्त दिशाभूल तीच करते. d = 2rT मधला T हा डीएनएच्या प्रतींच्या फारकतीचा काळ आहे, प्रजातींच्या फारकतीचा नव्हे. माणूस आणि चिंपांझी यांच्या समाईक पूर्वजांची एक मोठी समष्टी होती आणि तिच्यात आजच्यासारखीच जनुकीय विविधता होती. त्या समष्टीचे दोन भाग झाले तेव्हा एका भागात गेलेली प्रत आणि दुसऱ्या भागात गेलेली प्रत आधीच एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या होत्या. हे जास्तीचे वय सरासरीने 2Ng इतके असते. N म्हणजे प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणाऱ्या जिवांची परिणामी संख्या आणि g म्हणजे एका पिढीची वर्षे. N ५०,००० आणि g २५ धरले तरी ती २५ लाख वर्षे होतात. पन्नास-साठ लाखांच्या प्रश्नात ही रक्कम किरकोळ नाही.

N कुणी पाहिलेले नाही, पण त्याचा माग गोरिलाच्या जीनोममध्ये आहे. २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले की जीनोमच्या सुमारे ३० टक्के भागात माणूस आणि चिंपांझी एकमेकांना सर्वांत जवळचे नाहीत. कुठे माणूस गोरिलाला जास्त जवळ आहे, कुठे चिंपांझी. गोरिलाची शाखा वेगळी झाल्यापासून माणूस–चिंपांझी फारकतीपर्यंतचा काळ इतका थोडा होता की तेवढ्यात सगळ्या प्रती एका पूर्वज-प्रतीपाशी पोहोचू शकल्या नाहीत, म्हणून असे घडते. सिद्धान्तानुसार हे प्रमाण दोन-तृतीयांश गुणिले e चा -x घात इतके असते, आणि x म्हणजे दोन फारकतींमधला काळ भागिले 2Ng. प्रमाण ०.३० ठेवले की x ०.८ निघतो. म्हणजे दोन फारकतींमधला काळ हा 2Ng च्या ०.८ पट आहे.

आता चेन आणि ली यांचे अंतर पुन्हा घेऊ. गोरिलाशी माणसाचे अंतर १.६२ टक्के, चिंपांझीशी १.२४. दोन्ही पूर्वज-समष्ट्या साधारण सारख्या आकाराच्या धरल्या तर वजाबाकी, म्हणजे ०.३८ टक्के, ही दोन फारकतींमधल्या काळाची खूण झाली. तिला ०.८ ने भागले की पूर्वज-समष्टीतल्या जुन्या विविधतेचा वाटा मिळतो: ०.४७५ टक्के. १.२४ मधून तो वजा केला की उरतात सुमारे ०.७६५ टक्के. प्रजातींच्या फारकतीनंतर खरोखर साठलेले अंतर एवढेच. या हिशेबात कुठेही वर्षे आली नाहीत, जीवाश्म आले नाहीत आणि उत्परिवर्तनाचा वेगही आला नाही. १.२४ टक्क्यांपैकी जवळपास दोन-पंचमांश अंतर फारकतीच्या आधीचे आहे, हे निव्वळ क्रमांमधून समजते. अंदाज ढोबळ आहे, समष्ट्यांचा आकार सारखा नसेल तर तो सरकेल, पण जीनोम स्वतःच्या बळावर किती सांगू शकतो हे त्यातून स्पष्ट होते.

हीच वजाबाकी ओरांगउटानच्या अंतरालाही लावली, म्हणजे ३.१ मधून ०.४७५ काढले, तर गुणोत्तर ०.४ चे ०.२९ होते. १ कोटी ४० लाखांच्या कॅलिब्रेशनने मिळालेले ५६ लाख आता ४१ लाखांवर येतात. इथे जीवाश्म हरकत घेतात. इथिओपियातला 'आर्डिपिथेकस रॅमिडस' ४४ लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि तो मानवी शाखेवरचा असल्याबद्दल बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे. केनियातल्या टुगेन टेकड्यांतला 'ओरोरिन' सुमारे ६० लाख वर्षांचा आहे. म्हणजे फारकत ४१ लाख वर्षांपूर्वी झालेली असणे शक्य नाही, आणि चूक कुठे आहे तेही दिसते: ओरांगउटानचे १ कोटी ४० लाख हे वय जीवाश्माच्या खालच्या मर्यादेला फार चिकटून घेतलेले आहे, किंवा मधल्या काळात वेग एकसारखा राहिलेला नाही, किंवा दोन्ही.

वेगाबद्दलचा स्वतंत्र पुरावा कुटुंबांतून येतो. आई, वडील आणि मूल अशा तिघांचे जीनोम वाचायचे आणि दोन्ही पालकांत नसलेले पण मुलात असलेले बदल मोजायचे. आइसलँडमध्ये अशा ७८ त्रिकुटांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दर पिढीला दर जागेमागे १.२ × १०⁻⁸ असा वेग निघाला, आणि वडिलांचे सरासरी वय होते २९.७ वर्षे. भागाकार केला की दर अब्ज जागांमागे वर्षाला ०.४ बदल. जीवाश्मांवरून प्रचलित झालेला वेग अब्ज जागांमागे १ च्या आसपास होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी. ०.७६५ टक्के अंतराला ०.४ लावला तर फारकत सुमारे ९५ लाख वर्षांपूर्वीची येते, ०.५ लावला तर ७७ लाख आणि १ लावला तर ३८ लाख. प्रतींच्या फारकतीचे, म्हणजे संपूर्ण १.२४ टक्क्यांचे वय ०.४ ने काढले तर दीड कोटी वर्षांच्याही वर जाते. तुम्ही वाचलेला कोटीच्या जवळचा आकडा बहुधा या घराण्यातला असावा. तो प्रतींचा आहे की प्रजातींचा, हे आधी पाहा.

पण आजच्या माणसाचा वेग लाखो वर्षे मागे न्यायला आधार काय? आम्ही जी नेहमीची चाचणी करतो ती इथे अर्धीच कामी येते. दूरच्या तिसऱ्या प्रजातीपासून दोघांचे अंतर मोजायचे. एकाचा वेग मंदावला असेल तर त्याचे अंतर कमी भरायला हवे. गोरिलापासून माणूस १.६२ टक्के आणि चिंपांझी १.६३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. माणसाची शाखा फारकतीपासून सतत दोन-तृतीयांश वेगाने चालत आली असती तर या दोन आकड्यांत ०.१५ टक्क्याच्या आसपास अंतर पडले असते. ते पडलेले नाही. पण दोन्ही शाखा मिळून मंदावल्या असत्या तर ही चाचणी आंधळी ठरते, आणि मंदावणे अगदी अलीकडचे असेल तर त्याचा ठसा इतका लहान असतो की तो दिसत नाही.

२०१९ मध्ये चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या कुटुंबांचीही अशी मोजणी प्रसिद्ध झाली. या तिघांत वार्षिक वेग माणसाच्या साधारण दीडपट निघाला. वरच्या चाचणीशी हे ताडून पाहिले की अर्थ लागतो: माणसाचा वेग मंदावला आहे, पण तो अलीकडच्या काळात, आणि शाखेच्या बहुतांश लांबीवर तो इतर वानरांसारखाच होता. यामागे पिढीच्या लांबीचा हात असावा. वडिलांच्या वयातल्या दर वाढीव वर्षामागे मुलात सुमारे दोन नवे बदल येतात, पण पौगंडावस्थेपर्यंत साठणारे बदल वयात येण्याच्या वर्षावर अवलंबून असतात. माणूस उशिरा वयात येतो आणि उशिरा मुले जन्माला घालतो, त्यामुळे तोच साठा जास्त वर्षांत वाटला जातो. ०.४ ची दीडपट म्हणजे ०.६. ०.७६५ टक्क्यांना हा वेग लावला की सुमारे ६४ लाख वर्षे येतात. त्या अभ्यासातल्या संशोधकांनी बऱ्याच अधिक बारकाईने केलेल्या हिशेबातून ६६ लाख काढले आहेत. आणि जुन्या शाखांवर वेग याहूनही जास्त असेल, तर ओरांगउटानची फारकत दोन-सव्वादोन कोटींपर्यंत मागे ढकलायची गरजही उरत नाही. जीवाश्म आणि कुटुंबे यांच्यातले भांडण अशा रीतीने बरेचसे मिटते.

मला कुणी एकच पल्ला विचारला तर मी ६० ते ८० लाख वर्षे म्हणतो. खालचे टोक ओरोरिनने धरलेले आहे. वरचे टोक मी सैल ठेवतो, कारण वेगवेगळ्या प्रकारच्या उत्परिवर्तनांच्या वागणुकीवरून, विशेषतः सी नंतर जी येणाऱ्या जागांवरच्या, पिढीच्या लांबीशी कमी बांधलेल्या बदलांवरून, २०१६ मध्ये काढलेला अंदाज ७९ लाखांचा होता आणि तो मोडीत काढण्याजोगे कारण मला दिसत नाही. शिवाय फारकत ही एका वर्षाची घटना नसते. दोन समष्ट्यांमध्ये काही काळ संकर चालू राहिला असेल, तर एकच T विचारणे हेच थोडे सोपेपणाचे आहे.

यापुढे असा आकडा वाचाल तेव्हा पुरवणीतला कॅलिब्रेशनचा तक्ता उघडा आणि त्यात चाडमधला 'सहेलान्थ्रोपस' आहे का ते बघा. २००१ मध्ये सापडलेली ही कवटी ६० ते ७० लाख वर्षांची मानतात, आणि ती मानवी शाखेवरची आहे की नाही यावर अजून वाद आहे. तिला माणूस–चिंपांझी फाट्याची खालची मर्यादा म्हणून लावली, तर निकाल ६५ लाखांच्या आसपास किंवा त्याच्या मागेच येणार. त्याच लेखात पुढे 'आमचा रेणवीय अंदाज सहेलान्थ्रोपसशी जुळतो' असे वाक्य असेल, तर ती जुळणी क्रमांमधून आलेली नाही. तक्त्यातून ती एक ओळ काढून विश्लेषण पुन्हा चालवलेले आहे का ते शोधा, आणि त्या दुसऱ्या धावेत पल्ला किती रुंद झाला तोच आकडा टिपून घ्या.